गच्चीवरच्या सोलर हीटरची पाइपलाइन : पंपाशिवाय फिरणारं पाणी अडू नये म्हणून

सपाट पॅनेल आणि त्याच्या वर बसवलेली वेगळी टाकी, अशा सोलर हीटरमध्ये पाणी फिरवायला पंप नसतो. पॅनेलमध्ये तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं आणि टाकीच्या तळाचं जड पाणी पॅनेलमध्ये उतरतं. या प्रवाहाला थर्मोसायफन म्हणतात. तत्त्व सगळ्यांना पटकन कळतं. पण त्यामागचा जोर किती कमी असतो, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही आणि पाइपलाइनच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

हा जोर एकदा मोजून पाहू. पॅनेलकडून चढणारं पाणी सरासरी ५५ अंश सेल्सिअस आणि टाकीकडून उतरणारं पाणी ४५ अंश आहे असं धरा. या दोन तापमानांच्या पाण्याच्या वजनात घनमीटरमागे साधारण साडेचार किलोचा फरक पडतो. पॅनेलच्या मध्यापासून टाकीच्या मध्यापर्यंतची उंची एक मीटर असेल, तर पाणी फिरवणारा दाब भरतो फक्त साडेचार मिलीमीटर पाण्याच्या उंचीइतका. थंड पाण्याच्या टाकीतून दोन मीटर खालच्या नळाला मिळणारा दाब दोन हजार मिलीमीटरचा असतो. म्हणजे घरातल्या पाइपलाइनमध्ये चालून जाणाऱ्या गोष्टी या फेऱ्यात चालत नाहीत.

आता पॅनेलकडून टाकीकडे जाणाऱ्या पाइपला मध्ये चार सेंटीमीटरचा उंचवटा आला आणि त्यात हवा साठली अशी कल्पना करा. पाणी पुढे जायचं तर ते त्या उंचवट्यावरून ओलांडून जायला हवं. त्यासाठी दाब लागतो चाळीस मिलीमीटर आणि आपल्या हातात आहेत साडेचार. पाणी तिथेच थांबतं. ऊन कितीही कडक असो, पॅनेल तापत राहतं आणि टाकी थंडच राहते. एअर लॉक होतो तो असा. पाइप कुठे फुटलेला नसतो, कुठे गळत नसतो, त्यामुळे दोष डोळ्यांना दिसतही नाही.

ही हवा बाहेरून यावी लागत नाही, ती पाण्यातच विरघळलेली असते. थंड पाणी तापलं की त्यातली हवा बुडबुड्यांच्या रूपात सुटते. २०० लिटर ताजं पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापलं, तर ढोबळमानाने एक लिटर हवा मोकळी होते. रोज ताजं पाणी येतं म्हणजे रोज नवी हवाही येते. सुरुवातीला एकदा हवा काढून टाकली आणि काम संपलं, असं म्हणूनच होत नाही. हवा सुटली की आपोआप वर निघून जाईल अशी पाइपांची रचना करणं, हाच खरा उपाय आहे.

आधी उंची ठरवा, मग पाइप

एक पूर्ण उदाहरण घेऊ: २०० लिटरची आडवी टाकी आणि प्रत्येकी दोन चौरस मीटरची दोन पॅनेल. सगळी मापं गच्चीच्या फरशीपासून आहेत.

पॅनेलचा खालचा हेडर, म्हणजे खालची आडवी नळी, ३० सेंटीमीटरवर आणि वरचा हेडर १०० सेंटीमीटरवर आहे. टाकीचा तळ वरच्या हेडरपेक्षा निदान ३० सेंटीमीटर उंच हवा. आपण ४० ठेवू, म्हणजे तळ १४० वर येईल. हे अंतर रात्रीसाठी लागतं. रात्री पॅनेल आकाशाकडे उष्णता सोडून थंड होतं. टाकी पॅनेलच्या पातळीला किंवा खाली असेल, तर टाकीतलं गरम पाणी उलट्या दिशेने पॅनेलमध्ये जातं आणि पहाटेपर्यंत निवतं.

टाकीचा आतला व्यास ५० सेंटीमीटर आहे, म्हणजे तिचा माथा १९० वर. पॅनेलकडून येणारं गरम पाणी टाकीत साधारण दोन तृतीयांश उंचीवर शिरतं. इथे ते तोंड १७३ वर येईल. घरातल्या थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर असावा. आपण तो ३० सेंटीमीटर वर, म्हणजे २२० वर धरू. ही टाकी एक मीटर भरते, तेव्हा तिची भरलेली पातळी ३२० झाली.

ही मापं कागदावर एका उभ्या रेषेवर मांडून घ्या: ३०, १००, १४०, १७३, १९०, २२०, ३२०. स्टँड वेल्ड होण्याआधी हा कागद हातात असला पाहिजे. स्टँड एकदा उभं राहिलं की पंधरा सेंटीमीटर कमी पडल्याचं लक्षात येऊनही कुणी ते उचलत नाही. मग पाइप वाकवून वेळ मारून नेली जाते आणि तो वाकवलेला पाइपच पुढे हवा धरतो.

पॅनेल आणि टाकीमधला फेरा

या फेऱ्यातल्या पाइपांचा आतला व्यास २५ मिलीमीटरपेक्षा कमी नको. २० मिलीमीटरचा पाइप घातला, तर तेवढंच पाणी फिरवायला अडीच ते तीनपट दाब लागेल आणि तो आपल्याकडे नाही. इथे पाइप धातूचाच घ्या, तांब्याचा किंवा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा. पाणी फिरत नसताना कडक उन्हात पॅनेलचं तापमान शंभर अंशांच्या बरंच वर जाऊ शकतं. सीपीव्हीसीची मर्यादा साधारण ९३ अंशांची, त्यामुळे तो घरात जाणाऱ्या गरम पाण्याच्या लाइनला ठीक आहे, पॅनेलच्या तोंडाशी नाही. साधा पीव्हीसी गरम पाण्याला कुठेच लावू नका. तांबं आणि जीआय थेट जोडलं तर जोडाशी जस्त आणि लोखंड लवकर खाल्लं जातं. मध्ये विद्युत-रोधक युनियन घाला, निदान पितळी जोड तरी घाला.

दोन्ही पॅनेल शेजारीशेजारी जोडा. थंड पाणी एका टोकाला खालच्या कोपऱ्यातून आत येऊ द्या आणि गरम पाणी दुसऱ्या टोकाच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर काढा. एकाच बाजूने आत-बाहेर केलं, तर पाणी जवळच्या नळ्यांतून निघून जातं आणि लांबचं पॅनेल नुसतं तापत बसतं. पॅनेलची जोडी बसवताना गरम पाणी निघतं ती बाजू किंचित उंच ठेवा. दोन मीटर रुंदीला दोन सेंटीमीटर पुरे. समोरून पाहणाऱ्याला पॅनेल जरासं तिरकं दिसेल. कुणी ते लेव्हलमध्ये घ्यायला सांगेल, पण ऐकू नका. हेडरच्या बंद टोकाला साठणारी हवा या दोन सेंटीमीटरमुळेच बाहेर पडते.

आता सगळ्यात महत्त्वाचा पाइप, पॅनेलच्या वरच्या कोपऱ्यापासून टाकीपर्यंतचा. नियम एकच: पॅनेलपासून टाकीपर्यंत तो सतत चढता हवा, मीटरमागे पाच सेंटीमीटरच्या हिशोबाने. आपल्या उदाहरणात तो १०० वर सुरू होतो आणि १७३ वर टाकीत शिरतो. आडवं अंतर दीड मीटर आहे. हमखास होणारी चूक अशी: पाइप सरळ उभा १७३ पर्यंत नेतात आणि मग दीड मीटर अगदी लेव्हलमध्ये टाकीकडे नेतात. काम झालं त्या दिवशी तो लेव्हलमध्ये असतोही. पुढे पाइप तापून लांबतो, क्लॅम्प सैल होतो, टाकी भरल्यावर स्टँड थोडं बसतं. कुठेतरी झोळ पडतो आणि झोळाच्या अलीकडे आपोआप उंचवटा तयार होतो. हे टाळायचं तर पाइप उभा फक्त १६५ पर्यंत न्या आणि उरलेले आठ सेंटीमीटर आडव्या दीड मीटरमध्ये चढवा. क्लॅम्प मीटरभराच्या आत हवा. चढ डोळ्यांनी ठरवू नका, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना मोजा.

वळणं कमी ठेवा. जिथे लागतील तिथे काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरा, किंवा ४५ अंशांचे दोन एल्बो.

टाकीच्या तळाकडून पॅनेलच्या खालच्या कोपऱ्याकडे जाणारा थंड पाइप याच्या उलट, सतत उतरता हवा. त्यात हवा सुटली तर ती टाकीकडे परत चढते. अगदी खालच्या टोकाला एक टी आणि ड्रेन कॉक लावा. गाळ तिथूनच काढता येतो आणि पॅनेल रिकामंही करता येतं.

या फेऱ्यात एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावू नका. उलटा प्रवाह थांबावा या हेतूने तो लावला जातो, पण त्याची स्प्रिंग उघडायला लागणारा दाब साडेचार मिलीमीटरपेक्षा कितीतरी जास्त असतो. मग सुलटा प्रवाहही बंद पडतो. रात्रीच्या उलट्या प्रवाहाचा उपाय उंची हाच आहे. दुरुस्तीसाठी कॉक हवाच असेल, तर पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह लावा. आणि तो फेऱ्याच्या एकाच बाजूला असू द्या. दोन्ही बाजू बंद झाल्या तर उन्हात तापणाऱ्या पॅनेलला दाब सोडायला जागाच राहत नाही.

थंड पाणी आणि एअर व्हेंट

सोलरला थंड पाणी देणारी लाइन वरच्या टाकीतून स्वतंत्र काढा. घरातल्या थंड पाण्याच्या लाइनला टी मारून दिली, तर वरची टाकी रिकामी झाल्यावर खालचा एखादा नळ उघडताच सोलरची टाकी त्याच पाइपातून उलटी रिकामी होऊ लागते. ही लाइन सोलरच्या टाकीला तळाशी जोडायची. जोडण्याआधी पाइप टाकीच्या तोंडाच्या २० ते ३० सेंटीमीटर खाली नेऊन मग वर आणा. खाली वळलेला हा यू हवा धरत नाही, कारण हवा खाली साठत नाही. उलट टाकीतलं कोमट पाणी पाइपातून वर सरकायचं थांबतं. याच लाइनला एक बॉल व्हॉल्व्ह असू द्या.

एअर व्हेंट म्हणजे सोलरच्या टाकीच्या माथ्यावरून वर जाणारा उघडा पाइप. सुटलेली हवा, वाफ आणि तापून वाढलेलं पाणी, तिघांचीही वाट हीच. त्याची उंची थंड टाकीच्या भरलेल्या पातळीच्या वर किती, हे काढायची सोपी रीत आहे: १५ सेंटीमीटर, अधिक पाण्याच्या स्तंभाच्या प्रत्येक मीटरमागे ४ सेंटीमीटर. आपल्याकडे सोलरच्या टाकीचा तळ १४० आणि भरलेली पातळी ३२०, म्हणजे स्तंभ १.८ मीटर. १५ आणि ७ मिळून २२ सेंटीमीटर होतात, तेव्हा व्हेंटचं तोंड ३४२ वर हवं. ३४५ ठेवा. ही जादा उंची लागते कारण गरम पाणी हलकं असतं. पाणी ९० अंशांपर्यंत गेलं तर व्हेंटमधली पातळी थंड टाकीच्या पातळीपेक्षा सहा सेंटीमीटर वर उभी राहते. व्हेंट त्याहून आखूड असेल, तर कडक उन्हाच्या दिवशी गरम पाणी गच्चीवर सांडत राहतं.

व्हेंटला कॉक नको, बूच नको, टोकाला जाळी असली तर मोठ्या छिद्रांची. तोंड खाली वळवा म्हणजे पक्षी घाण करणार नाहीत. मात्र ही सगळी रचना उघड्या टाकीची आहे. घरात प्रेशर पंप असेल आणि सोलर त्याच लाइनवर असेल, तर उघडा व्हेंट चालत नाही. त्याला दाब सोसणारी टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो. तिथे या लेखातली मापं वापरू नका.

गच्चीवरून खाली

गरम पाण्याची लाइन व्हेंटच्याच पाइपाला टी मारून काढतात. टीपासून पुढे ती सतत उतरती ठेवा, म्हणजे तिच्यातली हवा मागे सरकून व्हेंटमधून निघून जाईल. गच्चीवरच्या आडव्या टप्प्याला मीटरमागे एक सेंटीमीटरचा उतार पुरतो.

घोटाळा होतो तो कठड्यापाशी. पाइप फरशीवरून येतो, कठड्यावरून चढून पलीकडे खाली उतरतो. कठड्याच्या माथ्यावर उलटा यू तयार झाला आणि आजूबाजूची सगळी हवा तिथे जमते. लक्षण ठरलेलं असतं: नळ उघडला की आधी फुसफुस, मग बारीक धार, कधी कधी धार येतच नाही, वरची टाकी पूर्ण भरलेली असली की मात्र येते. बरा उपाय म्हणजे फरशीच्या पातळीला कठड्यात भोक पाडून पाइप आरपार नेणं. ते शक्य नसेल, तर उंचवट्याच्या माथ्यावर टी लावून १५ मिलीमीटरचा उघडा पाइप थंड टाकीच्या भरलेल्या पातळीच्या वर न्या, व्हेंटच्याच उंचीपर्यंत. बाजारात मिळणारा आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व्ह इथे फसवतो. खाली नळ जोरात चालू असताना उंचवट्यावर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होऊ शकतो. अशा वेळी तो व्हॉल्व्ह हवा सोडत नाही, उलट आत ओढून घेतो.

या लाइनचा व्यास ठरवताना पाइपात अडकून राहणाऱ्या पाण्याचा हिशोब करा. २० मिलीमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरमागे ०.३१ लिटर पाणी असतं. नळापर्यंत बारा मीटर असतील, तर गरम पाणी यायच्या आधी पावणेचार लिटर थंड पाणी वाहून जातं. १५ मिलीमीटरच्या पाइपात हेच दोन लिटरच्या आसपास होतं, पण दोन-तीन मीटरच्या दाबावर धार मंद पडते. म्हणून मुख्य उतरता पाइप २० चा आणि नळाकडची शेवटची फांदी १५ ची, ही जोडी बरी. शक्य असेल तर व्यासापेक्षा लांबी कमी करा.

लाइन सीपीव्हीसीची असेल तर तिला लांबायला जागा ठेवा. दहा मीटरचा सरळ पाइप ५० अंशांनी तापला की तीन सेंटीमीटरहून जास्त लांबतो. क्लॅम्प घट्ट आवळले तर तो मध्येच फुगून उंचवटा करतो, आणि उंचवट्यात काय होतं ते वर सांगितलंच आहे.

हवा न धरता पाणी भरणं

इन्सुलेशन चढवायच्या आधी पाणी भरा, नाहीतर गळती दिसणार नाही. वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची निवडा. दिवसा भरायचंच असेल, तर पॅनेल जाड कापडाने झाकून थंड होऊ द्या. तापलेल्या रिकाम्या पॅनेलमध्ये थंड पाणी सोडलं, तर वाफ उसळते आणि जोड तडकतात.

१. घरातला सगळ्यात वरचा गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा आणि व्हेंट मोकळा आहे ना ते पाहा.
२. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पाव भागच उघडा. पाणी सोलरच्या टाकीच्या तळाशी येईल, तिथून थंड पाइपाने पॅनेलमध्ये खालून शिरेल आणि हवेला वर ढकलत चढेल. घाई केली, तर टाकी आधी भरून पाणी गरम पाइपातूनही पॅनेलमध्ये उतरतं आणि दोन बाजूंच्या पाण्यामध्ये हवा कोंडते.
३. टाकी भरून नळाला एकसंध धार आली की नळ बंद करा.
४. पॅनेलखालचा ड्रेन कॉक अर्धा मिनिट उघडा. गाळ, वेल्डिंगची खपली, टेपचे तुकडे निघून जातील.
५. सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसा आणि तासाभराने बोट फिरवून पाहा.

पहिल्या उन्हाच्या दिवशी, पॅनेलवर दोन तास ऊन पडल्यावर, तापमान पाहा. हाताने पाहायचं तर जपून, चटका बसतो. थंड पाइप कोमट, गरम पाइप पॅनेलपाशी आणि टाकीपाशी जवळजवळ सारखाच गरम, आणि दोन्ही पाइपांमध्ये दहा-पंधरा अंशांचा फरक, असं असेल तर पाणी नीट फिरतंय. गरम पाइप पॅनेलपाशी पोळतोय आणि टाकीपाशी गार आहे, तर मध्ये हवा अडली आहे. बहुधा आतून गुडगुड किंवा ठोके ऐकू येतात. तेव्हा लेव्हल नळी घेऊन त्या पाइपचा चढ पुन्हा मोजा. नुसती हवा काढून टाकली आणि उंचवटा तसाच राहिला, तर दोन-चार दिवसांत तीच तक्रार परत येईल. दोन पाइपांमधला फरक तीस अंशांच्या वर असेल पण प्रवाह पूर्ण बंद नसेल, तर पाइप बारीक आहे किंवा जड पाण्याने नळ्यांत क्षार धरले आहेत.

सूर्योदयाआधीही एकदा गच्चीवर जा. त्या वेळी गरम पाइप पॅनेलपाशी कोमट लागला, तर रात्री पाणी उलटं फिरतंय.

व्हेंटमधून सतत पाणी ठिबकत असेल तर आधी न्हाणीघरातले मिक्सर तपासा. थंड पाणी जास्त दाबाच्या लाइनवरून येत असेल आणि मिक्सर मध्येच उघडा राहिला असेल, तर ते गरम लाइनमधून उलटं चढून सोलरच्या टाकीत जातं. गरम आणि थंड दोन्ही लाइन एकाच टाकीवरून घेतल्या की हे होत नाही.

इन्सुलेशन

२५ मिलीमीटरचा उघडा पाइप आजूबाजूच्या हवेपेक्षा ४० अंशांनी गरम असेल, तर मीटरमागे साधारण ४० ते ५० वॅट उष्णता गमावतो. १९ मिलीमीटर जाडीच्या फोमने हा तोटा साधारण चौथाईवर येतो. वाऱ्यात उघड्या पाइपचा तोटा आणखी वाढतो.

पॅनेल आणि टाकीमधल्या फेऱ्याला बंद पेशींचा नायट्राइल किंवा ईपीडीएम फोम घ्या. यांतला ईपीडीएम जास्त तापमान सोसतो, म्हणून पॅनेलच्या तोंडाशी तोच बरा. स्वस्त पांढरा पॉलिइथिलीन फोम घराकडच्या लाइनला चालतो, पॅनेलपाशी तो मऊ होऊन चिकटून बसतो. फेऱ्यातला थंड पाइपही झाका. त्यातून दिवसभर कोमट पाणी फिरतं, आणि टाकीच्या तळाला जोडलेला असल्याने तो रात्रीही उष्णता ओढतो.

एल्बो, टी आणि युनियन उघडे सोडू नका. तेच सोडले जातात, कारण तिथे नळी कापून नीट बसवायला वेळ लागतो. फोमच्या नळीची चीर पाइपच्या खालच्या बाजूला ठेवा आणि गोंदाने पूर्ण बंद करा, म्हणजे पावसाचं पाणी आत मुरणार नाही. ग्लासवूल वापरत असाल तर हे दुप्पट जपा. भिजलेला ग्लासवूल उष्णता धरत नाही आणि जीआय पाइप बाहेरून गंजवतो. क्लॅम्प फोमवर आवळू नका, दबलेल्या जागी इन्सुलेशन उरतच नाही. रुंद पत्र्याचा पाळणा करून पाइप त्यावर टेकवा.

उघड्यावरचा काळा फोम उन्हाने भुगा होतो आणि पक्षी तो चोचीने उपसतात. त्यावर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा चढवा. पत्र्याचे तुकडे खालून वर बसवत या, म्हणजे वरचा तुकडा खालच्यावर येईल आणि पाणी बाहेरूनच ओघळेल. पत्रा चढवताना ड्रेन कॉक आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह आत गाडला जाणार नाही एवढं पाहा. ज्या दिवशी ते बंद करायची वेळ येईल, त्या दिवशी ते हाताला लागले पाहिजेत.